टीपीआर चार्टमधला तिसरा रकाना कोण मोजतं?

वॉर्डात राउंड घेताना नातेवाईक मला साधारण दोनच प्रश्न विचारतात. "डॉक्टर, ताप उतरला का?" आणि "बीपी नॉर्मल आहे ना?" कोविडनंतर त्यात "ऑक्सिजन किती आहे?" या प्रश्नाची भर पडली. पण "श्वास मिनिटाला किती चाललेत?" असं विचारणारे नातेवाईक इतक्या वर्षांत मला हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच भेटले. नातेवाइकांचं एक वेळ समजू शकतं. रात्री सिस्टर फोन करतात तेव्हा आम्ही डॉक्टरसुद्धा आधी बीपीच विचारतो. आणि जे कुणी विचारत नाही, ते हळूहळू कुणी मोजेनासं होतं.

माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगून टाकतो. पेशंट बिघडायला लागला की बहुतेक वेळा त्याचा श्वास आधी वाढतो आणि बीपी सगळ्यात शेवटी पडतं. तरी आपल्याकडच्या असंख्य वॉर्डांत श्वासाचा आकडा न मोजताच लिहिला जातो. हा निष्काळजीपणा आहे, तो सगळ्यांना माहीत आहे आणि त्यावर कुणी बोलत नाही. तुमचं माणूस ॲडमिट असेल तर हा चार्ट वाचायला शिका आणि एक आकडा स्वतः मोजा. त्यासाठी मेडिकल कॉलेजला जावं लागत नाही.

चार्टवर काय असतं

प्रत्येक पेशंटच्या फाइलमध्ये एक कागद असतो, त्याला सगळे टीपीआर चार्ट म्हणतात. टी म्हणजे टेंपरेचर, पी म्हणजे पल्स आणि आर म्हणजे रेस्पिरेशन, अर्थात श्वास. शेजारी बीपी आणि आता ऑक्सिजनचाही रकाना असतो. साध्या वॉर्डात दर चार किंवा सहा तासांनी सिस्टर हे आकडे भरतात. कुठे ते नुसते लिहितात, कुठे ठिपके मांडून रेषा जोडतात. फाइल बेडच्या पायथ्याशी अडकवलेली असते किंवा नर्सिंग स्टेशनवर.

मोठ्या माणसाचे स्वस्थ पडलेलं असतानाचे आकडे साधारण असे असतात. श्वास मिनिटाला १२ ते २०, नाडी ५० ते ९०, ताप ९७ ते १०० च्या आसपास, बीपीचा वरचा आकडा ११० च्या पुढे आणि ऑक्सिजन ९६ किंवा जास्त. हे पाठ करायची गरज नाही. चार्ट वाचायचा तो आडवा, म्हणजे एकेका रकान्यात काल संध्याकाळपासून आतापर्यंत काय होत गेलं ते बघत. एकटा आकडा फार थोडं सांगतो. नाडी १०० हे वाईट की चांगलं? सकाळी १२० होती आणि आता १०० असेल तर चांगलं. सकाळी ७६ होती आणि आता १०० असेल तर कारण शोधायला हवं.

१८, २०, १८, २०

आता तिसऱ्या रकान्याकडे या. कुठल्याही वॉर्डातल्या दहा फाइली उघडल्या तर श्वासाच्या रकान्यात बऱ्याचदा १८, २०, १८, २० अशी माळ दिसते. न्यूमोनियाच्या पेशंटला २०, हर्नियाच्या ऑपरेशनसाठी आलेल्या तरुणालाही २०. ताप १०३, नाडी १२०, आणि श्वास? २०! तापाने फणफणलेल्या माणसाचा श्वासही थोडा वाढतोच. त्यामुळे बाकीचे आकडे नाचत असताना हा एकटा जागचा हलत नसेल, तर तो मोजलेला नाही, असं खुशाल समजा.

असं का होतं तेही सरळ आहे. ताप मोजायला थर्मामीटर आहे, बीपी आणि नाडी मशीन सांगतं, ऑक्सिजनला बोटाचा चिमटा आहे. श्वास मोजायला मात्र एक माणूस पूर्ण मिनिटभर पेशंटच्या छातीकडे बघत उभा राहावा लागतो. पंचवीस-तीस पेशंट आणि दोन सिस्टर असतील तर नुसते श्वास मोजण्यात अर्धा तास जातो. त्यातच सलाईन संपलेलं असतं, कुणाचं इंजेक्शन राहिलेलं असतं, नवा पेशंट दारात असतो. म्हणून मी सगळा दोष सिस्टरांवर टाकत नाही. पुरेशा सिस्टर न नेमणारं हॉस्पिटल आणि तो रकाना कधीच न वाचणारे आम्ही डॉक्टर, दोघेही यात आहोत. आम्ही राउंडला "हा २० कुणी मोजला?" असं रोज विचारलं असतं, तर हा रकाना असा मेला नसता.

काही ठिकाणी १५ सेकंद मोजून चारने गुणतात. ते न मोजण्यापेक्षा बरं, पण त्यात एक श्वास इकडे-तिकडे झाला की उत्तर चारने चुकतं. २० चे २४ होतात किंवा २४ चे २०, आणि काळजी करायची की नाही हे नेमकं तिथेच ठरतं. बेडशेजारच्या मॉनिटरवर श्वासाचा आकडा दिसतो, तो छातीला चिकटवलेल्या ईसीजीच्या तारांवरून काढलेला असतो. पेशंट हलला, बोलला, तार सैल झाली की तो भरकटतो. म्हणून मॉनिटर असला तरी डोळ्यांनी मोजण्याला पर्याय नाही.

श्वास आधी का वाढतो

शरीरात मोठा जंतुसंसर्ग पसरतो किंवा आतल्या आत रक्तस्राव होतो, तेव्हा पेशींना रक्तपुरवठा कमी पडायला लागतो. ऑक्सिजन अपुरा पडला की पेशी आम्ल तयार करतात. हे आम्ल वाढलेलं मेंदूला कळतं आणि तो फुप्फुसांना जोरात चालायला लावतो, कारण कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकला की रक्तातलं आम्ल थोडं कमी होतं. म्हणजे फुप्फुसं अगदी ठणठणीत असली तरी श्वास वाढू शकतो. बोटाचा चिमटा तेव्हाही ९७ किंवा ९८ दाखवतो. "ऑक्सिजन तर ९८ आहे, मग काळजी कसली?" हा कोविडने आपल्याला शिकवलेला अर्धवट धडा आहे. तो आकडा चांगला असणं बरंच आहे, पण तो फक्त रक्तात किती ऑक्सिजन चढला ते सांगतो. तो चढवण्यासाठी आणि आम्ल बाहेर टाकण्यासाठी माणूस किती धापा टाकतोय, हे तो सांगत नाही.

बीपीचं नेमकं उलट असतं. शरीर बीपी टिकवण्यासाठी जिवाचा आटापिटा करतं. हृदय जोरात धावतं, हातापायांच्या रक्तवाहिन्या आवळल्या जातात, लघवी कमी होते. एवढं सगळं करून बीपी बराच वेळ "नॉर्मल" राहतं. ही सगळी धडपड अपुरी पडली की मग ते कोसळतं. म्हणून "बीपी नॉर्मल आहे" या वाक्यावर समाधान मानणं म्हणजे घराची शिल्लक बघताना फक्त खात्यातले पैसे बघणं आणि ते कर्ज काढून भरलेत का, हे न विचारणं.

एका रात्रीचा चार्ट

एक उदाहरण घेऊ. पेशंट मी पाहिलेली आहे, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. चौसष्ट वर्षांच्या एक बाई, मधुमेह आहे, बीपीच्या गोळ्या चालू आहेत. जुन्या ओपीडी पेपरांवर बीपी नेहमी १५० च्या आसपास. थंडी वाजून ताप आणि लघवीला जळजळ म्हणून दुपारी ॲडमिट झाल्या. रक्त-लघवी तपासायला गेली, अँटिबायोटिक सुरू झालं, तापाचं औषध दिलं. रात्री बारापर्यंतचा चार्ट असा होता:

| वेळ | ताप | नाडी | श्वास (लिहिलेला) | बीपी | ऑक्सिजन |
|---|---|---|---|---|---|
| दुपारी ४ | १०२.६ | १०४ | २० | १४६/८४ | ९८ |
| रात्री ८ | १००.२ | १०६ | २० | १३२/७६ | ९७ |
| रात्री १२ | ९९ | ११२ | २० | ११८/६८ | ९७ |

घरच्यांना रात्री बाराला सांगितलं गेलं की ताप उतरलाय, बीपी ११८ म्हणजे अगदी छान, ऑक्सिजन ९७. मुलगा निश्चिंत होऊन खाली चहा प्यायला गेला.

रात्रपाळीच्या सिस्टरांना मात्र चैन पडेना. त्यांना खटकली नाडी. ताप उतरला की नाडीही उतरायला हवी. ढोबळ हिशेब असा, की ताप एक अंश सेल्सिअस, म्हणजे साधारण दोन अंश फॅरनहाइट कमी झाला की नाडी आठ-दहाने खाली येते. १०२.६ वरून ९९ वर ताप आला, तर १०४ ची नाडी ८५-९० च्या घरात यायला हवी होती. ती ११२ झाली होती. मग त्यांनी बीपीचा रकाना आडवा वाचला. १४६, १३२, ११८. ज्या बाईंचं रोजचं बीपी १५० आहे त्यांच्यासाठी ११८ हे छान नाही, आठ तासांत जवळपास तीसने घसरलेलं आहे. शेवटी त्या बेडपाशी उभ्या राहिल्या आणि घड्याळ लावून पूर्ण मिनिट श्वास मोजले. २८ आले. त्यांनी २० वर काट मारून २८ लिहिलं आणि सही केली.

ड्यूटीवरच्या डॉक्टरांना फोन गेला. पहिला प्रश्न अर्थातच, "बीपी किती?" "११८." "मग ठीक आहे, बघू सकाळी." सिस्टरांनी दहा मिनिटांनी पुन्हा फोन केला आणि या वेळी फक्त बदल सांगितला. "नेहमीचं बीपी १५०, आता ११८. ताप उतरला तरी नाडी वाढली. श्वास मी स्वतः मोजले, २८ आहेत. हात गार लागतायत. संध्याकाळपासून लघवी झालेली नाही. तुम्ही येऊन बघा." मग डॉक्टर आले आणि मला फोन आला. सलाईनचा वेग वाढवला, रक्तातलं आम्ल वाढलेलं निघालं, पेशंट आयसीयूत गेली. रात्रीच सोनोग्राफी केली तेव्हा कळलं की मूत्रनलिकेत खडा अडकलाय आणि त्याच्या वर मूत्रपिंडात संसर्ग झालेली लघवी तुंबली आहे. असा तुंबलेला संसर्ग नुसत्या अँटिबायोटिकने आटोक्यात येत नाही, वाट मोकळी करावी लागते. पहाटे यूरॉलॉजिस्टनी स्टेंट टाकला. मध्ये एकदा बीपी ८६ पर्यंत गेलंच, पण तेव्हा त्या आयसीयूत होत्या आणि उपचार आधीच सुरू होते. नवव्या दिवशी घरी गेल्या.

"बघू सकाळी" हेच चाललं असतं तर तेच ८६ वॉर्डातल्या पहाटेच्या फेरीत सापडलं असतं, आणि तोपर्यंत हातातले चार-पाच तास गेले असते.

एका आकड्याने काय फरक पडला

हे फक्त एका हुशार सिस्टरच्या अंदाजावर सोडावं लागू नये म्हणून इंग्लंडच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१२ मध्ये एक गुणपद्धत आणली आणि २०१७ मध्ये ती सुधारली. तिचं नाव नॅशनल अर्ली वॉर्निंग स्कोअर. प्रत्येक आकडा नेहमीच्या मर्यादेपासून जितका लांब, तितके जास्त गुण, शून्य ते तीन. पेशंट गोंधळलेला किंवा गुंगीत असेल तर तीन गुण, बाहेरून ऑक्सिजन लावलेला असेल तर दोन. सगळ्यांची बेरीज करायची. पाच झाली की डॉक्टरांनी तातडीने येऊन बघायचं, सात किंवा जास्त झाली की आणीबाणी. एकाच गोष्टीत तीन गुण आले तरी डॉक्टरांना बोलवायचं.

आपल्या पेशंटचे रात्री बाराचे गुण काढू. नाडी ११२ चे दोन. ताप, बीपी, ऑक्सिजन यांचे शून्य. बाई शुद्धीवर होत्या, त्याचेही शून्य. श्वास २० धरला तर त्याचे शून्य. बेरीज दोन, म्हणजे "चार-सहा तासांनी पुन्हा बघा". आता श्वास खरा धरा. २५ किंवा जास्त श्वासांना पूर्ण तीन गुण आहेत. बेरीज पाच, आणि एकट्या श्वासाचे तीन. म्हणजे "आत्ता डॉक्टरांना बोलवा". पेशंट तीच, वेळ तीच. न मोजता लिहिलेल्या एका आकड्याने तिला सकाळपर्यंत मागे ढकललं असतं.

यात आणखी एक गोष्ट बघा. ११८ बीपीला या पद्धतीत शून्य गुण आहेत, कारण त्या कागदाला या बाईंचं नेहमीचं बीपी माहीत नाही. ते तुम्हाला माहीत असतं. म्हणून ॲडमिट करतानाच जुने पेपर द्या आणि "आईचं बीपी नेहमी १५० असतं" हे फाइलवर लिहून घ्यायला सांगा.

अनुभवी सिस्टरना कशाने धास्ती वाटते

या उदाहरणात तिन्ही आहेत, पण वेगळे करून सांगतो.

पहिलं, श्वास पायरी-पायरीने चढत जाणं. १६, २०, २४ अशी चाल दिसली, तर २४ हा आकडा फार भयंकर वाटत नसला तरी ती चाल वाईट आहे. त्यात पेशंट एका दमात पूर्ण वाक्य बोलू शकत नसेल, मान आणि खांद्याचे स्नायू ओढून श्वास घेत असेल तर पुढच्या फेरीची वाट बघू नका.

दुसरं, नाडी वर आणि बीपी खाली असं एकमेकांकडे येणं. रेषांचा चार्ट असेल तर दोन रेषा जवळ येताना दिसतात. नाडीचा आकडा बीपीच्या वरच्या आकड्याच्याही पुढे गेला, म्हणजे नाडी ११५ आणि बीपी १००, तर तो धोक्याचा इशारा आहे, मग बीपी एकटं कितीही "ठीक" दिसो.

तिसरं, ताप उतरूनही पेशंट बरा न दिसणं. ताप उतरला की घरात पेढे वाटायची घाई होते. पण ताप उतरताना नाडी आणि श्वास वाढत असतील, हातपाय गार पडत असतील, तर शरीर थकत चाललंय. डेंग्यूत तर हे विशेष लक्षात ठेवा. त्यात धोक्याचा काळ बहुतेक वेळा ताप उतरतानाच सुरू होतो. तेव्हा बीपीचे दोन्ही आकडे बघा. १००/८० असं दिसलं, म्हणजे दोन्हींतलं अंतर २० किंवा त्याहून कमी झालं, तर वरचा आकडा १०० असला तरी ते शॉकचं लक्षण आहे.

या सगळ्याच्या जोडीला एक गोष्ट असते, जिला चार्टवर रकानाच नसतो. "हे काहीतरी वेगळंच बोलतायत", "मघापासून सारखं पांघरूण ओढतायत". अचानक आलेला गोंधळ किंवा अस्वस्थपणा हा सगळ्यात आधी घरच्यांच्या लक्षात येतो. "वय झालंय, हॉस्पिटलमध्ये असं होतं" म्हणून तो सोडून देऊ नका, सांगा.

कुठे फसगत होते

चार्ट वाचायला लागलात की प्रत्येक आकड्याने दचकायचं नाही. पेशंट नुकताच बाथरूमला जाऊन आला असेल, ड्रेसिंगच्या वेदनेत असेल, घाबरला असेल तर नाडी आणि श्वास दोन्ही वाढतात. पंधरा-वीस मिनिटं पडू द्या, पुन्हा मोजा. पुन्हा तेच आलं तर ते खरं. जुनाट दम्याच्या किंवा फुप्फुसाच्या आजाराच्या काही पेशंटचा श्वास एरवीही २२-२४ असतो. त्यांच्या बाबतीत त्यांच्या नेहमीच्या आकड्याशी तुलना करायची.

उलट्या बाजूनेही फसगत होते. मेटोप्रोलोल किंवा ॲटेनोलोलसारख्या गोळ्या घेणाऱ्यांची नाडी संकटातही फारशी वाढत नाही. त्यांचा चार्ट शांत दिसतो, म्हणून तिथे श्वासाकडे जास्तच लक्ष हवं. आणि श्वास कमी होणं हेही संकट असू शकतं. ऑपरेशननंतर वेदनेची कडक इंजेक्शनं चालू असताना पेशंट हाक मारल्यावर नीट जागा होत नसेल आणि श्वास मिनिटाला दहाच्या खाली गेले असतील, तर "बरं झालं, शांत झोपलेत" म्हणू नका. लगेच सिस्टरना बोलवा.

लहान मुलं आणि गरोदर बायका यांचे नेहमीचे आकडे वेगळे असतात, त्यांना वर दिलेले आकडे आणि गुण लावू नका.

मोजायचं कसं, सांगायचं कसं

पेशंट पडलेला किंवा टेकून बसलेला, गप्प असताना मोजा. मी श्वास मोजतोय असं सांगू नका, कारण कळलं की माणूस नकळत श्वास बदलतो. नाडी बघत असल्यासारखा मनगटावर हात ठेवा आणि नजर छातीवर किंवा पोटावर. एकदा वर आणि खाली मिळून एक. मोबाइलवर पूर्ण ६० सेकंद लावा. वेळ आणि आकडा एका वहीत लिहा. जागा असाल तेव्हा चार तासांनी एकदा पुरे. दर पाच मिनिटांनी मोजत बसलात तर पेशंट आणि तुम्ही दोघेही हैराण व्हाल.

आकडा वाढताना दिसला तर "तुम्ही लक्ष देत नाही" असं म्हणून भांडण सुरू करू नका. त्याने समोरचा माणूस बचावात जातो आणि मुद्दा बाजूला राहतो. असं म्हणा: "सिस्टर, रात्री आठला श्वास १८ होते, आता मी पूर्ण मिनिट मोजले तर २६ आले. थोड्या वेळाने पुन्हा मोजले, २७. तुम्ही एकदा मोजून बघता का?" त्यांनाही तेवढेच आले तर "ड्यूटीवरच्या डॉक्टरांना कळवाल का?" हा पुढचा प्रश्न. आकडा, वेळ आणि आधीचा आकडा, एवढं सांगितलं की तक्रारीची माहिती होते, आणि माहितीकडे दुर्लक्ष करणं अवघड जातं.

"नातेवाइकांना चार्ट दाखवला तर ते डोकं खातील"

माझ्याच व्यवसायातल्या मित्रांचा हा आक्षेप मला पाठ आहे. नातेवाईक गूगल करून येतात, प्रत्येक आकड्यावर हुज्जत घालतात, आधीच कमी असलेल्या सिस्टरांचा वेळ खातात. हे खोटं नाही. काही जण खरंच तसं वागतात, आणि वॉर्डात आवाज चढवणाऱ्यांची बाजू मी घेणार नाही. पण मला विचाराल तर हुज्जत घालतो तो बहुधा अर्धवट माहितीचा नातेवाईक. ज्याला "स्टेबल आहेत" एवढं एकच वाक्य मिळतं, तो मॉनिटरच्या प्रत्येक टिंगटिंगला धावत येतो. ज्याला कोणता बदल सांगायचा आणि कोणता सोडून द्यायचा हे कळतं, तो रात्रीतून एकदाच येतो आणि कामाचं बोलतो.

"तुम्हाला काय कळतंय त्यातलं?" असं म्हणून फाइल ओढून घेणं तर मला मुळीच मान्य नाही. पेशंटने किंवा त्याच्या वतीने कुणी कागदपत्रं मागितली तर ती ७२ तासांत द्यायची, असं आपल्या मेडिकल कौन्सिलचे २००२ चे नियम सांगतात. जो कागद मागितल्यावर द्यावाच लागतो, तो बेडपाशी उघडून दाखवायला लाज का वाटावी? ज्याने तो प्रामाणिकपणे भरलाय त्याला वाटायचं कारण नाही.

इंग्लंडमध्ये २०२१ साली मार्था नावाच्या तेरा वर्षांच्या मुलीचा हॉस्पिटलमध्ये जंतुसंसर्गाने मृत्यू झाला. ती बिघडतेय असं आईवडील सांगत होते, त्यांचं ऐकलं गेलं नाही. तिला वेळेत आयसीयूत हलवलं असतं तर ती बहुधा वाचली असती, असा निष्कर्ष पुढे चौकशीत निघाला. त्यानंतर आईवडिलांच्या पाठपुराव्यामुळे तिथे २०२४ पासून "मार्थाज रूल" टप्प्याटप्प्याने लागू झाला. पेशंट बिघडतोय असं घरच्यांना वाटलं तर ते थेट दुसऱ्या, अतिदक्षतेतल्या टीमला बोलावू शकतात. आपल्याकडे असा नियम नाही. तो येईल तेव्हा येवो, पण तोवर तीन गोष्टी कुठल्याही हॉस्पिटलला आजपासून, एक पैसाही खर्च न करता करता येतील. श्वास पूर्ण मिनिट मोजायचे, मोजता आले नाहीत तर रकाना कोरा ठेवायचा पण २० लिहायचं नाही, आणि घरच्यांनी मागितला तर चार्ट दाखवायचा.

कोरा रकाना निदान खरं बोलतो. तो बघून राउंडवरचा डॉक्टर "श्वास का नाही लिहिले?" असं विचारू तरी शकतो. खोटा २० बघून तो पान उलटतो.

तेव्हा पुढच्या वेळी हॉस्पिटलात आईच्या उशाशी बसाल तेव्हा बीपी जरूर विचारा, ताप विचारा. पण त्याआधी मोबाइल हातात घ्या, साठ सेकंद लावा आणि तिच्या छातीकडे बघा. मग राउंडला डॉक्टर आले की त्यांना विचारा, "श्वास किती आहेत, आणि काल रात्री किती होते?" हा प्रश्न रोज चार-पाच बेडवरून यायला लागला, तर तो रकाना आम्हाला मोजूनच भरावा लागेल.